चुकीची पोस्ट गेली, आता माफीत किती लिहायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दुकानं, क्लासेस, दोन-तीन नाट्यसंस्था यांची सोशल मीडियाची पानं सांभाळते. नऊ वर्षांत माझ्या हातून पाच चुकीच्या पोस्ट गेल्या, तीन वेळा जाहीर माफी मागावी लागली. नवी मुलं कामाला लागली की तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते आहे.

चूक लक्षात आली. आधी पोस्ट काढू की आधी माफी लिहू?

दोन्हीच्या आधी शेड्यूलर, म्हणजे लावून ठेवलेल्या पोस्ट ठरल्या वेळी आपोआप टाकणारी सोय, थांबवा. एक पोस्ट चुकीच्या वेळी गेली असेल तर रांगेतल्या पुढच्याही तशाच लागलेल्या असू शकतात. तुम्ही माफीचं वाक्य घासत बसता आणि तेवढ्यात त्याच पानावर 'आजच ऑर्डर करा' झळकतं. माझ्यासमोर हे एकदा घडलंय. माफीच्या खाली अकरा मिनिटांनी गुलाबजामचा रील गेला होता.

त्यानंतर स्क्रीनशॉट घ्या, वेळ आणि कमेंट दिसतील असा. पोस्ट उडवली की काय लिहिलं होतं, किती वाजता गेलं, किती जणांनी विचारलं यावर घरातच वाद सुरू होतात. मालक म्हणतात एक, डिझायनर म्हणतो दुसरं. स्क्रीनशॉट हाताशी असला की तो वाद मिटतो. मग पोस्ट काढा. इन्स्टाग्रामवर मजकूर बदलता येतो, पण गेलेल्या फोटोच्या जागी दुसरा फोटो टाकता येत नाही. त्यामुळे चूक चित्रात असेल तर पोस्ट काढण्यावाचून इलाज नाही. फेसबुकवर मजकूर बदलला तरी आधी काय होतं ते इतिहासात बघता येतं, म्हणून गुपचूप बदलून हात झटकायला जाऊ नका. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो आणि सुमारे अडीच दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी काढता येतो. मात्र काढल्याची खूण मागे राहते आणि त्या खुणेमुळे लोक जास्तच चौकशी करतात.

काढून टाकली आणि गप्प बसलं तर?

पुष्कळदा तेच बरोबर असतं. शुद्धलेखनाची चूक, चुकून दोनदा गेलेली पोस्ट, मंगळवारऐवजी सोमवारी गेलेली रेसिपी या गोष्टींसाठी माफी मागितली तर ज्यांना काही ठाऊकच नव्हतं त्यांनाही तुम्ही बोलावून दाखवता.

मी स्वतःला एकच गोष्ट विचारते. ती पोस्ट पाहून कुणी काही केलं का, किंवा करण्याच्या बेतात आहे का? पैसे पाठवले, रजा टाकली, चुकीच्या तारखेला नाट्यगृहात जायला निघाले, कुणाला जिव्हारी लागलं. उत्तर 'हो' असेल तर बोलायलाच हवं, मग पोस्ट फक्त दहा मिनिटं का दिसली असेना.

मुद्द्याचं सांगा: माफीत किती लिहायचं?

याचं उत्तर मला एका फराळवाल्या काकांच्या दुकानात मिळालं, म्हणून ती गोष्ट सविस्तर सांगते.

दिवाळीला तीन आठवडे होते. फराळाचं दरपत्रक दुपारी बाराला जायचं होतं. नवे दर काका सकाळी सांगणार होते, म्हणून मी जागा अडवायला गेल्या वर्षीचं दरपत्रक रांगेत लावलं. सकाळी चित्र बदलायचं असं ठरवलं होतं. शेड्यूलरमध्ये मी `12:00 AM` निवडलं, आणि ते म्हणजे मध्यरात्र. भाजणीची चकली ६०० ऐवजी ५२० रुपये किलो, बेसनाचा लाडू ७०० ऐवजी ६४०, असं पत्रक रात्रभर पानावर राहिलं. सकाळी सात दहाला काकांचा फोन आला, "अगं, लोक जुन्या भावाने मागतायत!" सव्वासातला मी रांग थांबवली आणि साडेसातच्या आत पोस्ट काढली. तोवर व्हॉट्सॲपवर तेवीस मेसेज होते. त्यातल्या अठरा जणांनी खरोखर ऑर्डर दिली होती, बाकीचे नुसतेच विचारत होते.

काकांनी स्वतः लिहून पाठवलेली माफी अशी होती: 'तांत्रिक कारणामुळे चुकीची पोस्ट प्रसारित झाली. ग्राहकांना झालेल्या तसदीबद्दल क्षमस्व.' वाचायला सभ्य वाटते. पण ऑर्डर दिलेल्या माणसाला यातून काय कळतं? कुठली पोस्ट, त्यात काय चुकलं, आपली ऑर्डर टिकली की गेली, पैसे किती द्यायचे, यातलं काहीच नाही. तो फोन करणार, आणि तेवीस जण फोन करणार.

मी लिहिलेली माफी दुसऱ्या टोकाची होती. एएम-पीएमचा घोळ, जुनं चित्र जागा अडवायला कसं लावलं होतं, आदल्या दिवशी अकरा वाजेपर्यंत काम चाललं होतं, आम्ही एवढी वर्षं किती काळजी घेतो. बारा ओळी झाल्या होत्या. पाठवण्याआधी काकूंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "हे सगळं तू मला सांग. त्यांना भाव सांग."

तरी लगेच पोस्ट टाकली नाही, कारण अजून ठरलेलंच नव्हतं की जुन्या भावाने द्यायचं की नाही. हिशेब मांडला. अठरांपैकी सतरा ऑर्डरी घरगुती होत्या, मिळून २६ किलो चकली आणि १४ किलो लाडू. चकलीत किलोमागे ८० म्हणजे २,०८०, लाडवात ६० म्हणजे ८४०. एकूण २,९२० रुपये. काका म्हणाले, देऊन टाकू. अठरावी ऑर्डर मात्र एका केटररची होती, ६० किलो चकलीची. त्या एकट्यात ४,८०० रुपये जात होते. काकांनी त्याला फोन केला, घोळ सांगितला आणि ५६० वर तोडगा निघाला. तो फोन झाल्यावरच पोस्ट लिहिली, नाहीतर 'सगळ्यांना जुना भाव' असं लिहून एकाला वगळल्यासारखं झालं असतं. सव्वाआठला गेलेली पोस्ट अशी होती:

'काल रात्री १२ वाजता आमच्या पानावर फराळाचं दरपत्रक गेलं. ते गेल्या वर्षीचं होतं. चूक आमची. यंदाचे दर सोबतच्या फोटोत आहेत. आज सकाळी साडेसातपर्यंत ज्यांनी घरगुती ऑर्डर नोंदवली त्यांना जुन्याच दराने फराळ मिळेल, पुन्हा फोन करायची गरज नाही. माफ करा.'

यात काय चुकलं, खरं काय आहे आणि तुमचं काय होणार, एवढंच आहे. चूक का झाली याला एकही शब्द दिलेला नाही. 'घरगुती' हा शब्द मात्र मुद्दाम आहे. तो नसता तर केटररने पोस्ट वाचून पुन्हा फोन केला असता आणि त्याचं बरोबर ठरलं असतं.

चुकीमुळे खरी गोष्ट उघडी पडली तर?

त्याच पोस्टखाली पहिली कमेंट आली, 'म्हणजे चकली ८० रुपयांनी महाग केली तर!' जुनं पत्रक लोकांनी पाहिलंच नसतं तर ही तुलना कुणी केली नसती. आमच्या चुकीने भाववाढ उघडी पडली.

इथे हात शिवशिवतात. तेल, डाळ, गॅस, मजुरी सगळं लिहावंसं वाटतं. पण माफीत ते मिसळलं की माफी वकिलीसारखी दिसायला लागते आणि चर्चा चुकीवरून भावावर जाते. आम्ही पोस्टमध्ये एक अक्षर घातलं नाही. कमेंटला काकांनी त्यांच्या पद्धतीने उत्तर दिलं, 'हो, यंदा वाढवलेत. दुकानात या, चव बघा, मग ठरवा.' तो प्रश्न खरा होता आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं होतं, फक्त माफीच्या बाहेर. चुकून बाहेर पडलेली गोष्ट खरी असेल तर ती खोटी असल्यासारखं मात्र कधी लिहू नका. न ठरलेली नवी शाखा, अजून जाहीर न झालेला कलाकार, असं काही गेलं तर 'ही माहिती वेळेआधी गेली, नक्की झालं की सांगू' एवढं पुरतं. 'असं काही नाही' लिहिलंत तर पुढच्या महिन्यात तेच जाहीर करताना तोंडघशी पडाल.

'तांत्रिक अडचण' किंवा 'अकाउंट हॅक झालं' लिहिलं तर काय बिघडतं?

खरंच झालं असेल तर जरूर लिहा. नसेल तर २०११ सालचं अमेरिकेतलं उदाहरण आठवा. त्या मार्चमध्ये क्रायस्लर या मोटार कंपनीच्या ट्विटर अकाउंटवरून डेट्रॉइटच्या ड्रायव्हरांना उद्देशून एक शिवी गेली. पानं सांभाळणाऱ्या एजन्सीतल्या माणसाला वाटलं होतं की तो स्वतःच्या अकाउंटवरून लिहितोय. कंपनीने आधी सांगितलं की अकाउंटमध्ये कुणीतरी शिरलं होतं. थोड्याच वेळात खरं बाहेर आलं आणि एजन्सीचा माणूस होता हे कबूल करावं लागलं. त्या माणसाची नोकरी गेली, एजन्सीचं कंत्राटही पुढे चालू राहिलं नाही. पहिली चूक शिवीची होती, पण दुसरी कंपनीच्या अधिकृत खुलाशातली होती.

आपल्याकडे 'तांत्रिक कारणामुळे' हे शब्द इतके झिजलेत की लोक त्याचा अर्थ 'सांगायचं नाही' असाच घेतात. कारण सांगायचं नसेल तर सांगू नका, तेवढं चालतं. खोटं कारण देण्यापेक्षा कारणाशिवाय मागितलेली माफी केव्हाही बरी.

मग विनोदाने निभावून नेता येतं का?

त्याच वर्षी, क्रायस्लरच्या महिनाभर आधी, अमेरिकन रेड क्रॉसच्या अकाउंटवरून रात्री बिअरच्या बाटल्या मिळाल्याचं आणि आता मनसोक्त पिणार असल्याचं ट्वीट गेलं. तिथेही एका कर्मचारी बाईने अनेक अकाउंट चालवणाऱ्या ॲपमधून चुकीचं अकाउंट निवडलं होतं. संस्थेने ट्वीट काढलं आणि लिहिलं की रेड क्रॉस शुद्धीवर आहे, किल्ल्या आम्ही काढून घेतल्या आहेत. लोक हसले, त्या बिअरच्या चाहत्यांनी देणग्याही दिल्या.

ही गोष्ट सगळे सांगतात आणि मग कुठेही विनोद करायला जातात. तिथे विनोद चालला कारण कुणाचं काही गेलं नव्हतं आणि संस्था स्वतःवरच हसत होती. ज्याने चुकीच्या तारखेची तिकिटं काढली त्याच्यासमोर 'आमचं कॅलेंडर सुट्टीवर गेलं होतं' म्हणून बघा, तो तुम्हाला काय म्हणेल ते मी इथे लिहू शकत नाही.

पोस्टमध्ये चूक काहीच नाही, पण दिवस चुकला. म्हणजे दुःखाच्या दिवशी सेलची पोस्ट गेली. काय लिहू?

९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री उशिरा रतन टाटा गेले. महाराष्ट्र सरकारने दुसऱ्या दिवशी दुखवटा जाहीर केला. नवरात्र चालू होतं, दसरा १२ तारखेला होता, म्हणजे जवळपास प्रत्येक दुकानाच्या रांगेत १० तारखेच्या सकाळच्या ऑफर लागलेल्या होत्या. ज्यांनी झोपण्याआधी बातम्या पाहिल्या नाहीत त्यांच्या ऑफर तशाच गेल्या.

अशा वेळी वाचणाऱ्याला दुरुस्त करायला काही नसतं. दर चुकलेला नाही, तारीख चुकलेली नाही. म्हणून माफीही लहान हवी. पोस्ट काढा, कुणी टोकलं असेल तर तिथेच 'आधी लावून ठेवलेली पोस्ट होती, थांबवायला हवी होती, माफ करा' एवढं लिहा आणि त्या दिवसापुरतं गप्प राहा. कुणी टोकलं नसेल तर वेगळी पोस्टसुद्धा नको. माफीतच श्रद्धांजली आणि खाली दुकानाचा लोगो हा प्रकार तर अजिबात नको, ती दुसरी जाहिरात होते.

जखम खोल असेल तेव्हा मात्र एवढ्याने भागत नाही. ९ नोव्हेंबर २०२२ ला जर्मनीत केएफसीच्या ॲपवरून लोकांच्या फोनवर सूचना गेली की आज क्रिस्टालनाख्टचा स्मृतिदिन आहे, तर चीज घातलेलं चिकन खा. १९३८ साली त्या रात्री नाझींनी ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं फोडली, जाळली. कंपनीची सूचना बनवणारी यंत्रणा अर्धी आपोआप चालणारी होती आणि दिनविशेषांच्या कॅलेंडरला जोडलेली होती. तासाभरात त्याच ॲपवरून माफी गेली, पुढे कंपनीने हे कारणही सांगितलं. इथे कारण सांगणं भागच होतं, कारण लोकांच्या मनातला प्रश्न 'हे कुणीतरी मुद्दाम लिहिलं का?' हाच होता. मी एरवी 'कारण गाळा' म्हणते, पण चुकीमागे हेतू असल्याचा संशय येण्यासारखा असेल तिथे कारण द्यावंच लागतं.

आपल्याकडे 'दिनविशेष' टाकणाऱ्या पानांनी हे ध्यानात ठेवावं. जयंती आणि पुण्यतिथी यांचे साचे शेजारी शेजारी ठेवले की कधीतरी पुण्यतिथीला 'हार्दिक शुभेच्छा' जातातच.

'क्षमस्व', 'दिलगीर आहोत' की 'माफ करा'?

'गैरसोयीबद्दल क्षमस्व' आपण खोदलेल्या रस्त्यावरच्या पाटीवर इतकी वर्षं वाचतोय की त्यात आता माणूस ऐकू येत नाही. 'दिलगीर आहोत' हे बँक, शाळा, संस्था यांच्या पत्रात शोभतं. दुकान, क्लास, नाटकाचा ग्रुप यांनी एरवी पानावर जसं बोलता तसंच बोलावं. रोज 'या या, गरम गरम वडे तयार आहेत' लिहिणारं पान एकदम 'सदर प्रकरणी आम्ही खेद व्यक्त करतो' म्हणायला लागलं की वकील गाठलाय असं वाटतं.

खरी गोची 'असल्यास'मध्ये आहे. 'कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास' म्हणजे दुखावल्या की नाही याबद्दल आम्हाला शंका आहे. दुखावल्या हे कमेंटमध्ये दिसत असेल तर 'दुखावल्या' लिहा. आणि क्रियापदाकडे बघा. 'पोस्ट प्रसारित झाली', 'चूक घडून आली' यात करणारा कुठे आहे? 'आम्ही चुकीची पोस्ट टाकली' हे वाक्य लिहायला जड जातं, पण ते वाचल्यावर पुढचे निम्मे टोमणे येतच नाहीत.

ज्याच्या हातून चूक झाली त्याचं नाव सांगायचं का?

नाही. 'आमच्या इंटर्नकडून' हेही नाही. पानाचं नाव मालकाचं आहे, माफीही मालकाची. मी चूक केली तेव्हा काकांनी 'चूक आमची' लिहिलं. पगाराचं काय करायचं ते आम्ही आतल्या खोलीत बोललो.

माफी कुठे टाकायची?

चूक ज्या वाटेने गेली त्याच वाटेने. १३ जानेवारी २०१८ ला हवाईमध्ये सकाळी आठ सातला लोकांच्या फोनवर क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा गेला. तो चुकीचा होता. आठ वीसला आपत्कालीन संस्थेने ट्विटरवर 'धोका नाही' सांगितलं, पण फोनवर दुरुस्तीचा इशारा आला तो आठ पंचेचाळीसला, म्हणजे ३८ मिनिटांनी. मधली मिनिटं लोकांनी न्हाणीघरात, गटारात लपून काढली. गव्हर्नरनी नंतर सांगितलं की त्यांना आपल्या ट्विटर अकाउंटचा पासवर्डच ठाऊक नव्हता.

आपलं दरपत्रक क्षेपणास्त्र नाही, पण नियम तोच. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टवर गेलेली चूक इन्स्टाग्रामच्या स्टोरीत दुरुस्त होत नाही. स्टोरी चोवीस तासांनी जाते आणि चूक वाचलेल्यांपैकी बरेच जण ती बघतही नाहीत. ज्यांनी प्रत्यक्ष ऑर्डर दिली त्यांना वेगळा मेसेज पाठवा, एकेकाला, नाव घालून. आम्ही सतरा मेसेज पाठवले, अर्धा तास लागला.

लोक तरीही कमेंटमध्ये झोडपत असतील तर?

पहिल्या दोन-तीन खऱ्या प्रश्नांना उत्तर द्या. तीच माफी प्रत्येक कमेंटखाली चिकटवत बसू नका. कमेंट उडवू नका, शिवीगाळ आणि कुणाचे फोन नंबर सोडून. आणि दुसरी, मोठी माफी टाकू नका. पहिलीत काही चुकीचं लिहिलं गेलं असेल तरच दुसरी, नाहीतर लोकांना वाटतं की आणखी काहीतरी निघालंय.

माफीची पोस्ट पानावर किती दिवस ठेवायची?

चुकीचा परिणाम संपेपर्यंत. नाटकाची तारीख चुकली असेल तर प्रयोग होईपर्यंत ती वर पिन करून ठेवा. काकांची आम्ही शेवटची जुन्या भावाची ऑर्डर घरी पोहोचेपर्यंत ठेवली. ती धनत्रयोदशीच्या संध्याकाळी गेली, अर्धा किलो लाडू आणि एक किलो चकली. दुसऱ्या दिवशी पिन काढला, पोस्ट तशीच राहू दिली.

आणि ते एएम-पीएमचं काय केलंत?

शेड्यूलरमध्ये चोवीस तासांचं घड्याळ लावायची सोय असेल तर लावा, नसेल तर बरोबर बाराची पोस्ट कधीच लावू नका. मी आता 12:05 PM लावते. पाच मिनिटं उशिरा गेलेल्या चकलीबद्दल आजवर कुणी तक्रार केलेली नाही. आणि जागा अडवायला जुनं चित्र लावत नाही. कोरा पांढरा चौकोन लावते. तो चुकून गेलाच तर माफीची गरज पडत नाही.